उतार दिसला की उशीर कळतो

एका जाड रबरबँडला छोटं कुलूप बांधा, रबराचं दुसरं टोक बोटांत धरा आणि हात सावकाश वर-खाली करा. कुलूप हाताबरोबर वर जातं, हाताबरोबर खाली येतं. आता हाताची लय थोडी थोडी वाढवत न्या. एका ठरावीक लयीला कुलूप अंगात आल्यासारखं उसळायला लागतं. ती लय ओलांडून हात आणखी भराभर हलवला की ते जवळजवळ जागच्या जागी थांबल्यासारखं वाटतं. पण नीट पाहिलं तर ते थांबलेलं नसतं. ते किंचित हलत असतं, आणि तेही उलटं. हात वर गेला की कुलूप खाली असतं आणि हात खाली आला की कुलूप वर.

इथे दोन गोष्टी घडल्या. कुलपाची हालचाल कमी झाली, आणि ते हाताच्या मागे पडत पडत अर्धं चक्र मागे राहिलं. उसळण्याच्या लयीच्या बरंच पुढे गेल्यावर हाताचा वेग दुप्पट केला तर कुलपाची हालचाल साधारण चौथाई होते. म्हणजे एकीकडे ‘वेग दुप्पट, हालचाल चौथाई’ असा घसरणीचा दर आहे आणि दुसरीकडे ‘अर्धं चक्र’ हा उशीर आहे. सहज पाहणाऱ्याला हे दोन वेगळे गुण वाटतील. प्रत्यक्षात घसरणीचा दर तुम्ही मला सांगितलात तर उशीर किती हे मी कुलूप न बघता सांगू शकतो. इलेक्ट्रॉनिक्सची सर्किटं, लाउडस्पीकर, मोटारी, वीजकेंद्रं अशा फार मोठ्या कुटुंबाला हा नियम लागू आहे. आणि ज्यांना तो लागू नाही, ती यंत्रं काबूत ठेवणं अवघड का जातं हेही त्याच नियमातून कळतं.

आधी मोजमापाची भाषा ठरवून घेऊ. कुठल्याही यंत्राला आपण एकेका वारंवारतेची शुद्ध लाट देतो आणि बाहेर काय येतं ते पाहतो. बाहेरची लाट आतल्याच्या किती पट आहे, ही झाली पातळी. ती डेसिबेलमध्ये मोजतात. ६ डेसिबेल घट म्हणजे साधारण निम्मं, २० डेसिबेल घट म्हणजे एक दशांश. बाहेरची लाट आतल्या लाटेच्या किती मागे किंवा पुढे आहे, हा झाला फेज. तो अंशांत मोजतात, पूर्ण चक्राचे ३६० अंश. वारंवारता दुप्पट झाली की एक सप्तक चढलो, गाण्यात म्हणतात तसंच. आडव्या अक्षावर वारंवारता सप्तकांच्या हिशेबात आणि उभ्या अक्षावर डेसिबेल घेऊन काढलेला आलेख जगभरचे इंजिनिअर ‘बोडे प्लॉट’ म्हणून ओळखतात. आपल्याकडच्या पॉलिटेक्निकच्या मुलांनीही सेमी-लॉग कागदावर तो काढलेला असतो. बहुतेक जण पातळीचा आलेख वर आणि फेजचा खाली असे दोन आलेख काढतात, दोन्हींचे गुण घेतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. खालचा आलेख वरच्यातूनच निघतो, ही खरी गंमत तिथे राहूनच जाते.

नियम असा आहे. पातळीचा आलेख दर सप्तकाला ६ डेसिबेल या दराने सलग उतरत असेल तर फेज ९० अंश मागे असतो. दर सप्तकाला १२ डेसिबेल उतार असेल तर १८० अंश मागे. उतार नसेल, आलेख सपाट असेल, तर फेज शून्य. आलेख चढत असेल तर त्याच प्रमाणात फेज पुढे. आपलं कुलूप ‘वेग दुप्पट, हालचाल चौथाई’ असं होतं, म्हणजे सप्तकाला १२ डेसिबेल. म्हणून अर्धं चक्र, १८० अंश.

हा संबंध ज्यांनी इंजिनिअरांच्या हातात हत्यार म्हणून दिला ते हेंड्रिक बोडे, अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमधले गणिती वळणाचे संशोधक. त्यांचा या विषयावरचा लेख १९४० साली बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात आला आणि पुस्तक १९४५ साली. पण त्यांना हा प्रश्न पडला तो गणिताच्या हौसेतून नव्हे. टेलिफोनचे अँप्लिफायर शिट्टी मारत होते, म्हणून पडला.

शेकडो-हजारो मैल लांबीच्या टेलिफोनच्या तारेवर आवाज क्षीण होत जातो, म्हणून वाटेत ठरावीक अंतरावर अँप्लिफायर बसवावे लागतात. प्रत्येक अँप्लिफायर आवाज मोठा करतो तसा थोडा बिघडवतोही. असे कित्येक एकापुढे एक लावले की शेवटी ऐकू येतं ते बोलणं राहत नाही. १९२७ च्या ऑगस्टमध्ये हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर जाताना हॅरॉल्ड ब्लॅक यांना यावर उपाय सुचला आणि त्यांनी तो हातातल्या वर्तमानपत्रावरच खरडला. अँप्लिफायरची ताकद गरजेपेक्षा खूप जास्त ठेवायची, बाहेर आलेल्या लाटेचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत घालायचा, आणि जास्तीची ताकद चूक दुरुस्त करण्यात खर्ची घालायची. हजारपट, म्हणजे ६० डेसिबेल ताकद अशी खर्च केली तर बिघाड साधारण हजारपट कमी होतो. याला ऋण फीडबॅक म्हणतात.

अडचण ‘उलटा’ या शब्दात होती. फेरी मारून परत येणारी लाट एखाद्या वारंवारतेला १८० अंश मागे पडली तर उलटी केलेली लाट पुन्हा सुलटी होते. त्या वारंवारतेला फेरीतली एकूण वाढ एकपट किंवा त्याहून जास्त उरली असेल तर अँप्लिफायर कुणी न बोलताच ओरडायला लागतो. लग्नाच्या हॉलमध्ये माईक स्पीकरसमोर गेला की जी शिट्टी बसते ती याच जातीची. मग साधा विचार असा: आपल्याला हव्या असलेल्या पट्ट्यात ताकद भरपूर ठेवू, आणि पट्टा संपला की ती एकदम कड्यासारखी तोडून टाकू, म्हणजे फेज १८० अंशांवर पोचेल तेव्हा ओरडायला ताकदच उरणार नाही. इंजिनिअर तसं करून पाहत, आणि तोडलेल्या कड्यापाशीच अँप्लिफायर हमखास शिट्टी मारे. सर्किट बदललं, सुटे भाग बदलले, जुळणी बदलली, तरी तेच.

बोडेही आधी अशाच सर्किटच्या शोधात होते: पातळी पटकन पाडणारं, पण फेज हलू न देणारं. ते सापडलं नाही. मग त्यांनी ते का सापडणार नाही हे सिद्ध केलं. कडा हाच उशीर आहे. सप्तकाला १२ डेसिबेल किंवा त्याहून उभा उतार घेतलात की १८० अंश तुम्ही स्वतःच मागून घेतले. सुरक्षिततेसाठी ३० अंश हाताशी ठेवायचे म्हटलं तर १५० अंशच वापरता येतात, आणि १५० अंशांना सप्तकाला १० डेसिबेल एवढाच उतार परवडतो.

आता हिशेब करा. ६० डेसिबेल फीडबॅक हवा, आणि तो सप्तकाला फार तर १० डेसिबेल या दराने उतरवायचा. म्हणजे हवा असलेला पट्टा संपल्यावर आणखी सहा सप्तकं. सहा वेळा दुप्पट म्हणजे ६४ पट. एकच बोलणं नेणारी ४,००० हर्ट्झची लाइन असेल तर २,५६,००० हर्ट्झपर्यंत सर्किटची वागणूक ताब्यात ठेवायला हवी. आणि एका तारेवर शेकडो बोलणी एकदम नेण्यासाठी १० लाख हर्ट्झचा पट्टा घेतला, तर ६४० लाख हर्ट्झपर्यंत. त्या काळच्या व्हॅक्यूम ट्यूबमध्ये एवढ्या वर तारांचे आणि काचेच्या आतल्या पत्र्यांचे आपापले किरकोळ परिणामही मोठे होऊन बसत. बोडे यांच्या सिद्धतेने अँप्लिफायर सुधारला नाही. पण फीडबॅक किती महाग पडेल याचा हिशेब तिने कागदावर मांडून दिला, आणि अशक्य गोष्टीमागे जाणारे कित्येक महिने वाचवले.

हा हिशेब आजही चालू आहे. ७४१ नावाची ऑप-अँप चिप इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या प्रत्येकाच्या हातून गेलेली असते. तिची ताकद साधारण दोन लाख पट, पण फक्त ५ हर्ट्झच्या आसपासपर्यंत. तिथून ती सप्तकाला ६ डेसिबेल दराने मुद्दाम उतरवलेली असते, आतल्या ३० पिकोफॅरडच्या इवल्याशा कपॅसिटरने, थेट १० लाख हर्ट्झच्या सुमारास एकपट होईपर्यंत. एवढी ताकद ५ हर्ट्झपासूनच का सोडून द्यायची, असं विद्यार्थ्यांना वाटतं. सप्तकाला ६ डेसिबेल म्हणजे ९० अंश, आणि ९० अंशांवर शिट्टी बसत नाही, म्हणून.

पण नियमात ‘सलग उतार’ असं म्हटलं होतं, आणि खरे आलेख वळणं घेतात. तेव्हा काय होतं? सगळ्यात साधं सर्किट घेऊ: १ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे ०.१५९ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. १,००० हर्ट्झच्या खाली ते लाट जवळपास तशीच जाऊ देतं, वर गेलं की सप्तकाला ६ डेसिबेल उतरतं. बरोबर १,००० हर्ट्झला आलेख वळत असतो, तिथला उतार पूर्ण उताराच्या नेमका निम्मा, आणि फेजही ९० च्या निम्मा, ४५ अंश मागे. इथपर्यंत छान. आता १०० हर्ट्झला या. पातळी जेमतेम ०.०४ डेसिबेलने घटलेली, आलेख डोळ्यांना सपाट. तिथल्या उतारावरून फेज काढला तर एक अंशही भरत नाही. मीटरवर मात्र ५.७ अंश दिसतात.

हे जास्तीचे अंश पुढच्या वळणातून आले. एखाद्या वारंवारतेचा फेज फक्त तिथल्या उतारावर ठरत नाही. आजूबाजूच्या सगळ्या उतारांची सरासरी घेऊन ठरतो, जवळच्यांना जास्त मान आणि लांबच्यांना कमी. बोडे यांच्या सूत्रात हे वजन नेमकं दिलेलं आहे. दोन्ही बाजूंच्या एकेका सप्तकात मिळून सुमारे ५८ टक्के वजन असतं, आणि दहापट खाली ते दहापट वर या टापूत सुमारे ९२ टक्के. राहिलेले ८ टक्के त्याच्याही पलीकडे. म्हणून पट्ट्याच्या बाहेर, ‘तिथे आपल्याला काय करायचंय’ अशा ठिकाणी घेतलेला कडा पट्ट्याच्या आत येऊन फेज बिघडवतो. अँप्लिफायरवाल्यांना हेच नडत होतं. मोजणाऱ्यालाही हे नडतं: २०,००० हर्ट्झपर्यंतच पातळी मोजली असेल आणि तिच्यावरून फेज काढायचा असेल, तर १५,००० च्या आसपासचं उत्तर कच्चंच धरावं लागतं, कारण त्याचे अर्धे शेजारी मोजलेलेच नाहीत.

असा संबंध असण्याचं मूळ कारण ऐकायला अगदी साधं आहे: लाट आत येण्याआधी यंत्र तिला उत्तर देऊ शकत नाही. एवढ्या एका बंधनाने पातळी आणि फेज एकमेकांना बांधले जातात. प्रकाश काचेत किती शोषला जातो आणि किती वळतो यांतलं असंच नातं क्रामर्स आणि क्रोनिग या भौतिकशास्त्रज्ञांनी १९२६-२७ मध्येच मांडलं होतं. पण पातळीवरून फेज अचूक काढायला हे एक बंधन पुरत नाही. आणखी एक अट लागते, आणि तीच ‘मिनिमम फेज’ या नावात आहे. एकाच पातळीचा आलेख असणारी असंख्य यंत्रं असू शकतात. त्यांतलं एकच असं असतं की त्या पातळीसाठी जेवढा उशीर अपरिहार्य, तेवढाच ते करतं, एक अंशही जास्त नाही. ते मिनिमम फेज. नियम त्याच्यापुरता. बाकीची सगळी त्याच्याहून जास्त मागे पडतात, आणि किती मागे हे पातळीच्या आलेखात कुठेच लिहिलेलं नसतं.

हॉलमधला स्पीकर घ्या. श्रोत्याच्या कानी एक आवाज स्पीकरवरून सरळ येतो आणि थोड्या वेळाने एक भिंतीवर आपटून. सरळ आवाज १ आणि प्रतिध्वनी ०.८ असेल तर दोन्ही मिळून पातळीच्या आलेखात फणीच्या दात्यांसारखे चढउतार दिसतात. आता दुसरा श्रोता खांबामागे बसलाय. त्याच्यापर्यंत सरळ आवाज ०.८ च पोचतो आणि नंतर भिंतीवरून १ येतो. वेळेतलं अंतर तेच ठेवलं तर दोघांचे पातळीचे आलेख तंतोतंत सारखे निघतात, दाता न् दाता. पण पहिल्याची खुर्ची मिनिमम फेजची आहे आणि दुसऱ्याची नाही.

फरक दुरुस्तीला हात घातला की कळतो. पहिल्यासाठी प्रतिध्वनी पुसायचा असेल तर मूळ आवाजात ०.८ चा उलटा प्रतिध्वनी मिसळायचा, मग त्याचा प्रतिध्वनी पुसायला ०.६४ चा सुलटा, मग ०.५१ चा उलटा, असं करत दुरुस्ती विरत जाते. दुसऱ्यासाठी हीच कृती केली तर मिसळायचे तुकडे १.२५, १.५६, १.९५ असे वाढतच जातात, आणि स्पीकर फुटेपर्यंत थांबत नाहीत. इक्वलायझरची बटणं फिरवून पहिल्या खुर्चीचा आवाज सुधारतो. दुसऱ्या खुर्चीचा आलेख पडद्यावर सरळ दिसेल, पण ऐकणाऱ्याला बरं वाटणार नाही. तिथे स्पीकरची जागाच बदलावी लागते.

मग कुठली खुर्ची कुठल्या जातीची हे ओळखायचं कसं? पातळी आणि फेज दोन्ही मोजायचे. मोजलेल्या पातळीवरून बोडे यांच्या नियमाने फेज काढायचा. मोजलेल्या फेजमधून तो वजा करायचा. काही उरलं नाही तर मिनिमम फेज. जे उरेल तो वारंवारतेच्या प्रमाणात वाढत जाणारा सरळ रेषेतला उशीर असेल, तर ते नुसतं अंतर: आवाजाला ३४ सेंटिमीटर जायला साधारण एक हजारांश सेकंद लागतो, आणि तेवढ्याने १,००० हर्ट्झला पूर्ण ३६० अंश निघून जातात, पातळी मात्र ढिम्म हलत नाही. हे अंतर वजा घातल्यावरही वाकडं काही उरलं, तर यंत्रातच उशिराची दुसरी वाट दडलेली आहे. लाउडस्पीकरचे आलेख तपासणारे लोक हे रोज करतात, आणि माझ्या मते नुसता पातळीचा आलेख छापून ‘सपाट प्रतिसाद’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी हा दुसरा आलेखही छापायला हवा. दोन चांगले स्पीकर आणि त्यांच्यामधलं सुरेख जुळवलेलं चौथ्या प्रतीचं लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर मिळूनही पातळी अगदी सपाट राहते आणि फेज मात्र खालपासून वरपर्यंत ३६० अंश फिरून येतो.

आवाजात हे निभावून जातं. जिथे फीडबॅकने यंत्र ताब्यात ठेवायचं असतं तिथे निभत नाही, आणि त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण सह्याद्रीच्या कड्यावरून खाली पाणी आणणाऱ्या जलविद्युत केंद्रांत सापडतं.

डोंगरावरच्या पाण्याचा जाड पाइप, म्हणजे पेनस्टॉक, खाली टर्बाइनला येतो. टर्बाइनच्या तोंडाशी गेट असतं. गव्हर्नर नावाचं यंत्र ग्रिडच्या ५० हर्ट्झकडे बघत गेट उघडतं आणि मिटतं. वीज जास्त हवी असेल तर गेट जास्त उघडायचं, यात कुणाला शंका येणार नाही. पण गेट एक टक्का जास्त उघडलं त्या क्षणी काय होतं ते बघा. पेनस्टॉकमधलं शेकडो टन पाणी लगेच वेग वाढवू शकत नाही. म्हणून प्रवाह आधी होता तेवढाच राहतो. तेवढंच पाणी आता एक टक्का मोठ्या तोंडातून जातंय, म्हणजे तोंडाशी त्याचा वेग एक टक्का कमी. दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे, म्हणून दाब दोन टक्के कमी. शक्ती म्हणजे प्रवाह गुणिले दाब. प्रवाह तोच, दाब दोन टक्के कमी, म्हणून वीज दोन टक्के कमी! वाढवायला गेलो आणि आधी घटली. नंतर पाणी हळूहळू वेग घेतं, आणि वीज एक टक्का वर जाऊन स्थिरावते.

किती वेळ लागतो? पेनस्टॉकची लांबी गुणिले पाण्याचा वेग, भागिले गुरुत्वत्वरण गुणिले पाण्याची उंची. यातून येणाऱ्या सेकंदांना पाण्याचा आरंभकाल म्हणतात. समजा १,००० मीटर लांबी, ५ मीटर प्रतिसेकंद वेग आणि ५०० मीटर उंची. ५,००० भागिले ४,९०५, म्हणजे जवळपास एक सेकंद. घर्षण वगैरे सोडून दिलं तर अशा केंद्रात गेट झटकन उघडल्यापासून साधारण ०.५५ सेकंद वीज आधीपेक्षा कमीच असते, त्यानंतर वर येते. खरी गेटं इतकी झटकन हलत नाहीत, म्हणून खड्डा इतका खोल दिसत नाही. पण असतो.

आता हेच गेट सावकाश आणि भराभर मागेपुढे करून आलेख काढू. अगदी सावकाश हलवलं तर वीज गेटबरोबर, एकास एक. खूप भराभर हलवलं तर प्रवाह हलतच नाही, फक्त दाब हलतो, आणि विजेची हालचाल दुप्पट. म्हणजे पातळीचा आलेख एकपटीवरून दुप्पटीवर चढतो आणि सपाट होतो. बोडे यांचा नियम अशा आलेखाला काय सांगेल? चढतोय, म्हणजे मधल्या टापूत फेज थोडा पुढे, आणि वर सपाट झाल्यावर शून्य. आपल्या केंद्रात गेटचं एक चक्र ६.३ सेकंदांचं असेल तेव्हा वीज १.२६ पट हलते, आणि नियमानुसार ती १८ अंश पुढे असायला हवी. प्रत्यक्षात ती ७२ अंश मागे असते. पातळी तीच आणि फेजमध्ये ९० अंशांचा फरक, म्हणजे तेवढ्या चक्रात दीड सेकंदाहून जास्त. आणखी भराभर हलवलं तर आलेख सपाट, नियम म्हणतो शून्य, आणि वीज १८० अंश मागे, पूर्ण उलटी. पातळीचा आलेख पाहून गव्हर्नर जुळवणारा माणूस इथे सपशेल फसेल. यंत्र भराभर हालचालींना जास्तच उत्साहाने साथ देतंय असं त्याला वाटेल, आणि ती साथ उलट्या दिशेने चालू असेल.

घाईच्या गव्हर्नरचं मग काय होतं ते उघड आहे. कुठेतरी कारखाना सुरू झाला, ग्रिडची वारंवारता किंचित घसरली. गव्हर्नरने गेट उघडलं. वीज आणखी घटली, वारंवारता आणखी घसरली. गव्हर्नरने गेट आणखी उघडलं. मग पाण्याने वेग घेतला आणि वीज हवी त्याहून कितीतरी जास्त झाली. आता सगळं उलट दिशेने. याला हंटिंग म्हणतात, आणि हा अँप्लिफायरच्या शिट्टीचाच पाण्यातला, काही सेकंदांच्या लयीतला अवतार आहे.

वीज आधी घटूच नये म्हणून गेट हुशारीने हलवता येणार नाही का? हिशेब करून पाहिला तर उत्तर गमतीदार येतं. वीज तत्काळ एक टक्का वाढून तशीच राहायला हवी असेल, तर आपल्या केंद्रात गेट आधी अर्धा टक्का मिटायचं, म्हणजे अडलेल्या पाण्याने दाब वाढेल आणि वीज लगेच वर जाईल. पण दाब टिकवायला आणखी मिटायचं, आणि आणखी. तीन सेकंदांत गेट मूळ जागेपासून २९ टक्के मिटावं लागतं. चौथ्या सेकंदाला ८१ टक्के. छोट्या हालचालींसाठी मांडलेलं गणित इतक्या लांब खरं राहत नाही, पण दिशा खरी आहे: एका टक्क्याच्या विजेसाठी गेट बंद होत जातं आणि मग वीजच संपते. खांबामागच्या खुर्चीची दुरुस्ती जशी वाढत वाढत फुटली, तसंच हे. ज्या यंत्रात मिनिमम फेजहून जास्तीचा उशीर आहे, त्याची करणी उलटी फिरवता येत नाही. कुठलाही हुशार संगणक मागे बसवला तरी हा उशीर मोजता येतो, भरून काढता येत नाही.

म्हणून उपाय घाई सोडण्याचा. आरंभकाल एक सेकंद असेल तर गव्हर्नरची पकड साधारण दोन सेकंदांहून झटपट असू नये, असा ठोकताळा आहे. जुन्या यांत्रिक गव्हर्नरमध्ये यासाठी तेलाने भरलेला डॅशपॉट असे. वारंवारता एकदम हलली तर तो गव्हर्नरचा हात आखडता धरी आणि काही सेकंदांत हळूहळू सोडून देई. आजच्या इलेक्ट्रॉनिक गव्हर्नरमध्ये तेल नाही, पण तेच काम करणारे दोन आकडे भरावे लागतात, आणि ते त्या केंद्राच्या आरंभकालावरूनच काढतात.

दुसरा उपाय आरंभकालच कमी करण्याचा, आणि तो गव्हर्नरच्या नव्हे तर स्थापत्य इंजिनिअरच्या हातात असतो. समजा आपल्या १,००० मीटरच्या पेनस्टॉकच्या आधी जलाशयापासून डोंगरातून येणारा ४ किलोमीटरचा बोगदा आहे आणि त्यात पाणी २.५ मीटर प्रतिसेकंद वेगाने वाहतंय. ते पाणीही सगळं एकदम हलवायचं म्हटलं तर आरंभकालात आणखी दोन सेकंद मिळतात, एकाचे तीन होतात, आणि गव्हर्नर तिप्पट मंद करावा लागतो. म्हणून बोगदा संपून उतार सुरू होतो तिथे आकाशाकडे उघडी उभी विहीर खोदतात, सर्ज शाफ्ट. कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीच्या भूमिगत केंद्राकडे उतरण्याआधी अशाच व्यवस्थेतून जातं. गेट उघडलं की सुरुवातीचं जास्तीचं पाणी या विहिरीतून मिळतं आणि तिची पातळी थोडी उतरते. बोगद्यातलं पाणी मागून आपल्या गतीने, मिनिटांच्या हिशेबात, ती भरून काढतं. गव्हर्नरच्या आलेखात मग विहिरीपासून टर्बाइनपर्यंतचे १,००० मीटरच मोजायचे राहतात.